आजीचा हंडा आणि जर्मन प्रवेश समिती

‘उन्हाळ्यात पहाटे चारला टँकर यायचा. रांगेत आमचा हंडा पहिला असलाच पाहिजे, हा आजीचा हट्ट. म्हणून ती साडेतीनलाच मला हलवून उठवायची.’

सोलापूरकडच्या एखाद्या मुलीने अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जासाठी लिहिलेला निबंध असा सुरू झाला, तर सुरुवात छानच म्हणावी लागेल. आता असं समजू, की ती मुलगी अमेरिकेला गेली नाही. पुणे विद्यापीठातून तिने सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि जलअभियांत्रिकीच्या मास्टर्ससाठी जर्मनीत अर्ज करायचं ठरवलं. अर्जाबरोबर ‘मोटिव्हेशन लेटर’ मागितलं होतं, दोन पानांच्या आत. तिने जुना परिच्छेद घासूनपुसून पत्राच्या डोक्यावर ठेवला. मुलगी माझ्या कल्पनेतली असली, तरी असं करणारी मुलं भरपूर आहेत. २०२३-२४ मध्ये जर्मन विद्यापीठांत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे परदेशांतून तिथे आलेल्यांमध्ये सर्वांत मोठा गट आपलाच. पत्र कसं लिहावं याचे नमुने मात्र बहुतेकांना सापडतात ते अमेरिकन वळणाचे.

अमेरिकन निबंध वाचतो कोण, ते आधी पाहू. पदवीच्या प्रवेशासाठी तिकडे शेकडो कॉलेजं ‘कॉमन अॅप’ हा एकच अर्ज स्वीकारतात. त्यातल्या निबंधाला २५० ते ६५० शब्दांची मर्यादा असते आणि विषय असतात ते एखादा अडथळा, कुणाबद्दलची कृतज्ञता, ज्यात वेळेचं भान हरपतं अशी गोष्ट, असे. वाचणारा सहसा प्राध्यापक नसतो, प्रवेश कार्यालयातला अधिकारी असतो. सगळ्यांचे गुण उत्तमच असलेल्या ढिगाऱ्यातून त्याला माणसं निवडायची असतात. कुणाला का घेतलं, याचं गणित अर्जदारासमोर मांडायचं बंधन त्याच्यावर नसतं. म्हणूनच टँकरच्या रांगेतली साडेतीनची वेळ तिथे कामाची ठरते. मुलगी कशी पाहते, कशी विचार करते, हे त्या तपशिलातून कळतं.

या पद्धतीचा उगम फारसा सुंदर नाही. १९२०च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांत परीक्षेच्या जोरावर ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा ती आवरण्यासाठी ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ तपासणारे अर्ज, फोटो, शिफारशी, मुलाखती आल्या. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ सालच्या आपल्या पुस्तकात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. पुढे हीच लवचीकता उलट कारणासाठी, वंचित गटांतल्या मुलांना संधी देण्यासाठीही वापरली गेली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, पण वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे अर्जदार निबंधात लिहू शकतो, एवढी वाट मोकळी ठेवली. त्यामुळे गोष्टीचं वजन तिकडे कमी होण्याऐवजी वाढलंच असावं.

जर्मनीत सगळा पायाच वेगळा आहे. १९७२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला, की विद्यापीठातली जागा ही व्यवसाय आणि शिक्षण निवडण्याच्या मूलभूत हक्काशी जोडलेली आहे; ती नाकारायची तर निकष ठरलेले हवेत आणि सगळ्यांना सारखे हवेत. तेव्हापासून सार्वजनिक विद्यापीठातला प्रवेश हा सरकारी निर्णयासारखा असतो. नाकारलेला उमेदवार न्यायालयात जाऊ शकतो, आणि खरोखर जातात. अशा ठिकाणी ‘तिची गोष्ट मनाला भिडली’ हे कारण फाइलवर लिहिता येत नाही. समितीला लिहावं लागतं, की अमुक निकषावर इतके गुण दिले आणि त्याचं कारण हे.

म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाचं उदाहरण घेऊ. तिथल्या पुष्कळ मास्टर्स अभ्यासक्रमांना पात्रता-प्रक्रिया असते आणि तिचे नियम अभ्यासक्रमाच्या अधिकृत नियमावलीत छापलेले असतात, कुणालाही वाचता येतात. पदवीत शिकलेले विषय त्यांच्या विषयांशी किती जुळतात याला वेगळे गुण, पदवीच्या श्रेणीला वेगळे, पत्राला वेगळे. गुणांची वाटणी अभ्यासक्रमागणिक बदलते; पण विषयांची जुळवणी सहसा सर्वांत जड असते आणि पत्राचा वाटा तुलनेने लहान. वाचणारे त्याच विषयाचे प्राध्यापक असतात. समोर अर्जांचा गठ्ठा आणि बाजूला निकषांचा तक्ता. पत्रात ते आपापल्या रकान्याचं उत्तर शोधत असतात.

आपल्या मुलीचं पत्र या तक्त्यातून नेऊन बघू. तिचा सरासरी गुणांक १० पैकी ७.८ आहे. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ म्हणजे जेमतेम पास. परदेशी गुण ‘बव्हेरियन सूत्रा’ने बदलतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. उत्तीर्ण गुणांक ४ धरला, तर २.२ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर येतं २.१. हा आकडा पत्राने हलत नाही. तेव्हा ‘गुण कमी असले तरी माझी जिद्द मोठी आहे’ हे वाक्य खरं असलं, तरी त्याला बसायला तक्त्यात रकाना नाही.

विषयांच्या जुळवणीत मात्र पत्र खरोखर उपयोगी पडतं, आणि ही जागा बहुतेक जण मोकळी सोडतात. समजा, अभ्यासक्रमाला संख्याशास्त्र आणि संख्यात्मक पद्धती आवश्यक आहेत. मुलीच्या गुणपत्रिकेत त्या नावाचा विषयच नाही. तो आहे ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-३’ या नावाखाली, विकलक समीकरणांच्या शेजारी. स्टुटगार्टमध्ये किंवा म्युनिकमध्ये बसलेल्या प्राध्यापकाला हे कसं कळावं? पत्रातलं एक वाक्य आणि सोबत जोडलेला अभ्यासक्रमाचा तपशील एवढ्याने एक अख्खी उणीव भरून निघते. आजीच्या हंड्याने ती भरत नाही.

मग प्रकल्प. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं, ‘शेवटच्या वर्षी केलेल्या प्रकल्पातून मला पाण्याच्या प्रश्नाची तीव्रता उमगली.’ यात प्रकल्प काय होता हेच नाही. दुसऱ्यांदा लिहिलं ते साधारण असं: ‘सीना नदीच्या एका उपखोऱ्यातून पावसाळ्यात किती पाणी वाहून जातं, याचं प्रारूप मी स्वॉट या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलं. प्रारूपाचा आणि मोजलेल्या प्रवाहाचा मेळ ज्या वर्षांवर ते बसवलं त्यांसाठी ०.६७ आला, पडताळणीच्या वर्षांसाठी ०.४४. उपखोऱ्यात पर्जन्यमापक दोनच होते, हे मला त्याचं मुख्य कारण वाटतं. अपुऱ्या नोंदींवरच्या प्रारूपातली अनिश्चितता कशी मोजायची, हे मला येत नाही. आपल्या दुसऱ्या सत्रातला याच विषयाचा कोर्स म्हणूनच मला हवा आहे.’

इथे मेळ म्हणजे नॅश-सटक्लिफ निर्देशांक. १ आला तर प्रारूप हुबेहूब, ० आला तर नुसती सरासरी सांगितली असती तरी चाललं असतं. सामान्य वाचकाला ०.४४ हा कमीपणा वाटेल. जलशास्त्राच्या प्राध्यापकाला त्या आकड्यातून दिसतं, की मुलीने पडताळणी केली, ती फसली हे लपवलं नाही आणि फसण्याचं कारण तिने शोधलं. शिवाय अभ्यासक्रमातला कोर्स तिने नावापुरता उचललेला नाही. तिच्या अडचणीतून ती त्याच्यापर्यंत पोचली आहे. ‘हाच अभ्यासक्रम का’ या रकान्याचं उत्तर या चार-पाच वाक्यांत आलं. त्यासाठी तिला विद्यापीठाची विषयपुस्तिका वाचावी लागली. प्रत्येक कोर्समध्ये काय शिकवतात, किती तासांचं काम, परीक्षा कशी, हे सगळं तिच्यात असतं, आणि बहुतेक विद्यापीठं ती खुली ठेवतात.

पत्र बिघडतं ते अजून एका ठिकाणी, विद्यापीठाच्या स्तुतीत. ‘आपल्या जगविख्यात संस्थेत’ पासून जर्मनीच्या अभियांत्रिकी परंपरेपर्यंत अर्धं पान जातं. ते प्राध्यापक तिथेच नोकरी करतात, त्यांना हे ठाऊक असतं. विद्यापीठाचं नाव खोडून दुसरं घातलं तरी जो परिच्छेद तसाच चालतो, तो काढून टाकावा. एखाद्या विषयात केटी लागली असेल, तर तिच्यासाठी एक वाक्य पुरतं: कोणता विषय, कोणत्या सत्रात, कधी सुटला. आपल्याकडे शाळेपासून नदीचं आत्मवृत्त लिहायला लावतात, म्हणून की काय, केटीचंही आत्मवृत्त होतं.

हे थोडक्यात लिहिणं म्हणजे केवळ शब्द कमी करणं नव्हे. नेदरलँड्समधलं डेल्फ्टचं तंत्रविद्यापीठ मास्टर्सच्या पत्राला हजार ते दीड हजार शब्द देतं, कॉमन अॅपच्या दुपटीहून अधिक. पण तेही प्रश्न नेमून देतं: हा अभ्यासक्रम का, कोणती शाखा, मोकळीक मिळाली तर प्रबंध कशावर कराल, आणि पदवीच्या प्रकल्पाचा सारांश २५० शब्दांत. जागा जास्त दिली, तरी गोष्टीसाठी नाही.

या पद्धतीला न्याय्य म्हणायची घाई मी करणार नाही. विषय जुळवून गुण द्यायचे, तर जिच्या कॉलेजात जलशास्त्राची प्रयोगशाळा होती ती पुढे जाते आणि जिच्या कॉलेजात नव्हती ती मागे राहते. त्यात तिचा दोष काय? अमेरिकन निबंधात निदान हे सांगायला जागा असते. दुसरीकडे, गोष्ट रंगवून देणारे महागडे सल्लागार तिकडे पोसले गेले आहेत, आणि अनिश्चिततेच्या कोर्सबद्दलचं वाक्य मात्र सल्लागाराला रचून देणं अवघड, कारण तो प्रकल्प त्याने केलेला नसतो.

युरोप सगळा एकसारखा नाही, हेही खरं. कला-डिझाइनच्या शाळा आणि नेदरलँड्समधली काही उदारमतवादी कॉलेजं व्यक्तीबद्दल आवर्जून विचारतात. ब्रिटनमध्ये तर २०२६च्या प्रवेशांपासून पदवीचं सलग निवेदनच गेलं. चार हजार अक्षरांत तीन ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची. अमेरिकेतही मास्टर्सचा अर्ज विभागातले प्राध्यापक वाचतात, तेव्हा तिथलं निवेदन कॉमन अॅपपेक्षा जर्मन पत्राच्या जवळ जातं.

आणि आजी? तिला पत्रात बंदी नाही. ‘मी टंचाईग्रस्त तालुक्यात वाढले, त्यामुळे प्रकल्पासाठी सीनेचं खोरं निवडलं’, एवढं वाक्य प्रकल्पाच्या आधी चालेल, कारण ते निवडीचं कारण सांगतं. म्युनिकमध्ये मधल्या गुणांवर अडकलेल्यांना छोट्या मुलाखतीला बोलावतात. तिथे हंड्याबद्दल कुणी विचारण्याची शक्यता कमी, पडताळणीत ०.४४ का आला, पर्जन्यमापक दोनाचे पाच असते तर काय बदललं असतं, हे विचारतील. त्या उत्तराची तयारी नसेल, तर तो आकडा पत्रात लिहू नये.