चार तास उजवीकडची रेघ

मेळघाटातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री-बेरात्री बाळंतपण सांभाळणाऱ्या सिस्टरपुढे खरा पेच एकच असतो: डॉक्टरला कधी सांगायचं? उगाच घाई केली, तर धडधाकट बाई घाटातून अमरावतीच्या डफरीन दवाखान्यापर्यंत हेलकावे खात जाते आणि कधीकधी वाटेतच बाळंत होते. उशीर केला, तर गर्भपिशवी फाटण्याची किंवा बाळ गुदमरण्याची वेळ येते. या पेचाचं उत्तर एका आलेखात बसवलेलं आहे. त्याचं नाव पार्टोग्राफ.

आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते. न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४ मध्ये कळांचा असा आलेख पहिल्यांदा मांडला. पण तो सिस्टरच्या कामाचा झाला १९७२ मध्ये, तेव्हाच्या ऱ्होडेशियात. तिथे खेड्यातल्या दवाखान्यांत दाई आणि सर्जनमध्ये लांबच लांब रस्ता होता. फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी आलेखावर दोन तिरक्या समांतर रेघा ओढल्या. पहिली इशाऱ्याची, म्हणजे अलर्ट रेघ, तासाला एक सेंटिमीटर या वेगाने वर चढणारी. दुसरी कृतीची, म्हणजे अॅक्शन रेघ, बरोबर चार तास उजवीकडे. मधल्या पट्ट्याची मला भारी गंमत वाटते, कारण हे चार तास शरीरशास्त्रातून आलेले नाहीत. बाईला मोठ्या दवाखान्यात पोचवायला लागणारा वेळ, थोडक्यात रस्ताच, त्यांनी कागदावर आखून टाकला.

आता एक कल्पित पहिलटकरीण घेऊ. सकाळी आठला तोंड चार सेंटिमीटर उघडलं, कळा नियमित आहेत. सिस्टर पहिली खूण अलर्ट रेघेवर करते. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके आणि दहा मिनिटांतल्या कळा मोजते. आतली तपासणी मात्र चार तासांनी. बाराला आठ सेंटिमीटर अपेक्षित होते, निघाले सहा. खूण अलर्ट रेघेच्या दोन तास उजवीकडे पडली.

अजून काही बिघडलेलं नाही. बाळाचे ठोके ठीक आहेत, बाई बोलते-चालते आहे. म्हणूनच ‘अजून थोडं पाहू’ असं वाटतं. पण हाच वेग राहिला, तर चारला आठ सेंटिमीटर होतील आणि खूण थेट अॅक्शन रेघेला टेकेल. भारतातल्या प्रशिक्षणात सिस्टरला शिकवतात ते हेच: अलर्ट ओलांडली की रेफर, अॅक्शनला टेकेपर्यंत बाई सिझरची सोय असलेल्या दवाखान्यात पोचलेली हवी. ठोके बिघडले किंवा पाणी हिरवं आलं, तर रेघेची वाटही पाहायची नाही.

फोनवर ‘मॅडम, पेशंट पुढे सरकत नाही’ एवढंच म्हटलं, तर मॅडमला पुन्हा सगळं विचारत बसावं लागतं. कामाचा निरोप असा असतो: “मॅडम, पहिलटकरीण, दिवस पूर्ण भरलेत. आठ वाजता चार सेंटिमीटर, बाराला सहा, अलर्ट ओलांडली. कळा दहा मिनिटांत तीन. बाळाचे ठोके एकशे चाळीस. पाणी साडेदहाला गेलं, स्वच्छ आहे. बीपी ठीक. कळा वाढवायचं इंजेक्शन दिलेलं नाही. एकशे आठला फोन केलाय. डफरीनला पाठवू का?” इथे तोंड उघडण्याच्या प्रत्येक आकड्याला वेळ चिकटलेली आहे. नुसत्या ‘सहा’वरून काही कळत नाही, ‘चार तासांत दोनच’ यावरून कळतं. इंजेक्शन दिलं नाही हे सांगणंही तितकंच मोलाचं, कारण पुढचा डॉक्टर ते द्यायचं की नाही हे त्यावर ठरवतो. चिठ्ठीसोबत पार्टोग्राफही जातो.

हा कागद फसतो तो दोन ठिकाणी. तोंड चारपर्यंत उघडण्याआधीच आलेख सुरू केला, तर निष्कारण धोक्याची घंटा वाजते. दुसरं म्हणजे, बाळंतपण उरकल्यावर रजिस्टर पुरं करायला तो भरला जातो. असा कागद ओळखू येतो: सगळ्या खुणा रेघेवर सुतासारख्या सरळ, शाई एक, अक्षर निवांत. कळांच्या धबडग्यात भरलेला कागद इतका नीटनेटका नसतो.

आता शास्त्र थोडं पुढे सरकलंय. निरोगी बाईचंही तोंड तासाला सेंटिमीटरपेक्षा हळू उघडू शकतं, हे दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नव्या तक्त्यातून दोन्ही रेघा काढून टाकल्या. आता मोजणी पाच सेंटिमीटरपासून, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी मुदत: पाचवर सहा तास, सहावर पाच, सातवर तीन. आपल्या पहिलटकरणीला या हिशेबाने संध्याकाळी पाचपर्यंत मुदत मिळते. विनाकारण होणारी सिझर टाळायला हे बरंच. पण फिलपॉट-कॅसल यांनी आखलेला रस्ता त्या तक्त्यात नाही. मेळघाटातल्या धारणी ते अमरावतीचा घाट सिस्टरला स्वतःच त्या पाच तासांतून वजा करावा लागतो.