मध्येच कोण बोलले? बाई-पुरुषांच्या बोलण्याचे तीन अर्थ

बायका आणि पुरुष वेगळे बोलतात, हे गृहीत धरून त्याची कारणे शोधण्याचा उद्योग इंग्रजीभाषक जगात १९७०च्या दशकात जोमाने सुरू झाला. त्यातून तीन भूमिका पुढे आल्या. पहिली म्हणते की हा फरक सत्तेतून येतो, पुरुष संभाषणावर वर्चस्व गाजवतात. दुसरीच्या मते मुली आणि मुलगे दोन वेगळ्या संस्कृतींत वाढतात, म्हणून त्यांच्या बोलण्याच्या रीती भिन्न असतात. तिसरी भूमिका परफॉर्मेटिव्हिटीची आहे. बाईपण किंवा पुरुषपण आधीपासून तयार नसते, ते बोलता-बोलता वारंवार घडवले जाते, असे ती मानते. अभ्यासक्रमांत या तिन्ही भूमिका पायऱ्यांसारख्या एकीवर एक मांडल्या जातात आणि शेवटची तेवढी बरोबर, असा समज करून दिला जातो. तो फारसा खरा नाही. प्रत्येकीने काय ऐकले आणि काय ऐकायचे राहून गेले, हे पुराव्याशी ताडून पाहिल्यावरच त्यांची खरी किंमत कळते.

वर्चस्वाच्या भूमिकेचा सर्वांत गाजलेला पुरावा डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट यांचा आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठ परिसरात, कॉफीची दुकाने आणि तत्सम सार्वजनिक जागी टिपलेली ३१ संभाषणे होती. त्यांतली २० दोन बायकांमधली किंवा दोन पुरुषांमधली होती, तर ११ एक बाई आणि एक पुरुष यांच्यातली. दुसऱ्याचे वाक्य संपायला एखादे अक्षर उरले असताना बोलायला सुरुवात झाली, तर ती नुसती सरमिसळ धरली गेली. त्याहून आधीच तोंड घातले, तर मात्र ती आडकाठी ठरली. समलिंगी जोड्यांत अशा आडकाठ्या अवघ्या ७ निघाल्या. मिश्र जोड्यांत त्या ४८ होत्या आणि त्यांपैकी ४६ पुरुषांनी घातलेल्या होत्या. समाजातल्या मोठ्या संस्थांवर जे पुरुषी वर्चस्व चालते तेच गप्पांतही चालते, हा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला.

आकडा डोळ्यांत भरणारा आहे, पण तो मोजमापाच्या एका निर्णयावर उभा आहे. समजा, एक बाई सांगते आहे, ‘‘आज बँकेत गेले होते, तर तो म्हणाला की खातं...’’ आणि वाक्य अर्धवट असतानाच समोरून येते, ‘‘बंद केलं ना? माझंही!’’ दुसऱ्या प्रसंगी त्याच जागी ऐकू येते, ‘‘भाजी आणलीस का?’’ अक्षरे मोजली तर दोन्ही आडकाठ्याच. पण पहिलीत ऐकणारी तिच्या गोष्टीला हातभार लावते आणि दुसरीत ऐकणारा ती गोष्टच मोडून टाकतो. मध्येच बोलणे म्हणजे हक्क हिरावणे, हे समीकरण या पद्धतीत आधीच मानून घेतलेले होते. जीवाभावाच्या मैत्रिणी एकाच वेळी बोलतात तेव्हा त्या भांडत नसतात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही माजघरात ऐकू येते. भाषाशास्त्रातही पुढे अशा सहभागी बोलण्याचा स्वतंत्र अभ्यास झाला.

दुसरी अडचण नमुन्याची होती. ११ संभाषणांत एखादा बडबड्या पुरुष असला तरी पारडे झुकते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेफ्री बीटी यांनी विद्यापीठातल्या शिकवणीच्या लहान गटांतली संभाषणे तपासली, तेव्हा आडकाठ्यांच्या प्रमाणात बायका-पुरुषांत लक्षणीय फरक आढळला नाही. डेबोरा जेम्स आणि सँड्रा क्लार्क यांनी १९९३ मध्ये आधीच्या सुमारे पंचवीस वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि पुरुष बायकांना अधिक अडवतात, असे सरसकट म्हणता येत नाही, असे दाखवले. म्हणजे सत्ता नाही, असे नव्हे. सत्तेचे माप म्हणून आडकाठीचा नुसता आकडा पुरत नाही, एवढेच.

या भूमिकेला पर्याय म्हणून १९८२ मध्ये डॅनियल माल्ट्झ आणि रूथ बोर्कर यांनी भिन्नतेची मांडणी केली. तिचे मूळ भारतीय उपखंडाशी जोडलेले आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जॉन गम्पर्झ यांनी ब्रिटनमधल्या एका विमानतळाच्या उपाहारगृहातली तक्रार अभ्यासली होती. तिथे भारत-पाकिस्तानातून आलेल्या बायका वाढायला होत्या. ‘ग्रेव्ही’ हवी का, असे विचारताना त्या तो शब्द उतरत्या सुरात उच्चारत. इंग्रज गिऱ्हाइकांना त्या सुरात प्रश्न ऐकू येत नसे, तर उद्धटपणा ऐकू येई. हेतू चांगला असूनही सुरामुळे गैरसमज होतो, हे सूत्र माल्ट्झ-बोर्कर यांनी उचलून बाई-पुरुषांना लावले. त्यांचे नेहमीचे उदाहरण हुंकाराचे आहे. बाईचा ‘हं’ म्हणजे ‘ऐकते आहे, सांग पुढे’ आणि पुरुषाचा ‘हं’ म्हणजे ‘पटले’. त्यामुळे ती सारखी हुंकार देते तेव्हा त्याला ती सगळे मान्य करते आहे असे वाटते आणि तो गप्प असतो तेव्हा तिला तो ऐकतच नाही असे वाटते. डेबोरा टॅनन यांच्या १९९०च्या ‘यू जस्ट डोन्ट अंडरस्टँड’ या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी पोचवली. ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत जवळपास चार वर्षे टिकून होते.

या मांडणीचे आकर्षण उघड आहे, तिच्यात कोणीच दोषी नसतो. पण विमानतळावरच्या त्या बायका वेगळ्या देशांतून आल्या होत्या, तर भाऊ-बहीण एकाच घरात, एकाच आईचे ओरडणे ऐकत वाढतात. मुले खेळताना वेगळी बसतात म्हणून त्यांची संस्कृतीच वेगळी होते, हे ताणलेले अनुमान आहे. शिवाय हुंकाराचा फरक माल्ट्झ-बोर्कर यांनी नव्या ध्वनिफिती तपासून सिद्ध केला नव्हता. मुख्यतः अमेरिकी मुलांच्या खेळावरच्या आधीच्या अभ्यासांतून बांधलेला तो एक तर्क होता. जर्मन भाषाशास्त्रज्ञ सेंटा ट्रोमेल-प्लॉट्झ यांनी १९९१ मध्ये टॅनन यांच्यावर केलेली टीका याहून रोखठोक होती. कोणाला कोणाची भाषा शिकून घ्यावी लागते आणि कोणाला शिकली नाही तरी चालते, हा प्रश्नच या पुस्तकातून गायब आहे, असा तिचा रोख होता.

भिन्नतेच्या भूमिकेची सर्वांत कडक परीक्षा नकाराच्या प्रश्नावर झाली. लैंगिक जबरदस्तीच्या प्रकरणांत ‘तिने स्पष्ट नाही म्हटले नाही, त्याला कळलेच नाही’ हा बचाव गैरसमजाच्याच सिद्धांतावर टेकतो. सिलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी १९९९ मध्ये तो संभाषणाच्या अभ्यासाच्या आधाराने तपासला. रोजच्या बोलण्यात माणसे कुठलेही आमंत्रण नाकारताना सहसा ‘नाही’ म्हणतच नाहीत. आधी थोडा थांबा येतो, मग ‘अं...’, मग एखादे कौतुक आणि शेवटी सबब. मराठीतही ‘जेवायला या’ याला ‘हो, येऊ की एकदा, पण या आठवड्यात जरा...’ एवढे उत्तर पुरते आणि विचारणारा विषय बदलतो. ही रीत पुरुषही पाळतात आणि समोरच्याची ओळखतातही. जेवणाचे न कळवता दिलेले नकार ज्याला नेमके कळतात, त्याला एकाच प्रसंगी मात्र ते कळेनासे होतात, हे पटणे कठीण आहे. तिथे गैरसमज हे कारण नसते, तर जबाबदारी झटकण्याची सोय असते.

तिसऱ्या भूमिकेची बीजे ज्युडिथ बटलर यांच्या १९९०च्या ‘जेंडर ट्रबल’मध्ये आहेत, पण भाषेच्या अभ्यासात ती कशी वापरायची हे डेबोरा कॅमेरॉन यांनी १९९७ च्या एका छोट्या निबंधात दाखवले. त्यांच्या अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने पाच मित्रांच्या गप्पा टिपल्या होत्या. दूरचित्रवाणीवर बास्केटबॉलचा सामना चालू होता आणि तो विद्यार्थी स्वतःही त्या पाचांत होता. त्याने लिहिलेल्या विश्लेषणात दारू, बायका, खेळ, चढाओढ आणि टोमणे एवढेच होते. पुरुषांच्या बोलण्याबद्दल पुस्तकात वाचलेले सगळे त्याला फितीत सापडले. कॅमेरॉन यांनी तीच फीत ऐकली, तेव्हा त्यांना आणखी बरेच ऐकू आले. ही मंडळी बराच वेळ गैरहजर मुलांची उणीदुणी काढत होती. अमका ‘गे’ आहे असे म्हणून त्याचे कपडे, पाय आणि बोलण्याची ढब यांची खिल्ली उडवली जात होती. ज्याला चहाटळकी म्हणून बायकांच्या माथी मारले जाते, तेच हे बोलणे. एकाने सुरू केलेले वाक्य दुसरा पूर्ण करतो, सगळे एकदम बोलतात, ‘यू नो’ची पेरणी करत एकमेकांना दुजोरा देतात. भिन्नतेच्या भूमिकेने जो सहकार्याचा साज बायकांना बहाल केला होता, तो इथे सगळा हजर होता. शिवाय ज्यांना ‘गे’ ठरवले जात होते, त्यांतले काही जण वर्गातल्या एका मुलीच्या मागे लागल्याचेही त्याच दमात सांगितले गेले. तो शब्द कोणाच्या लैंगिकतेबद्दल नव्हता, तर पुरुष म्हणून कमी पडल्याबद्दलचा शेरा होता. स्त्रीसुलभ समजल्या गेलेल्या साधनांनीच हे पाच जण आपले पुरुषपण सिद्ध करत होते.

भाषेचे रूप आणि लिंगभाव यांची गाठ इतकी सैल असेल, तर मराठीतले एक जुने कोडेही सुटते. कोल्हापूरकडच्या मुली ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात आणि पुण्याच्या कानाला ते पुरुषी वाटते. बोलणारीच्या गावात त्या रूपाला पुरुषीपणाचा वासही नसतो. तीच मुलगी पुण्याच्या वसतिगृहात तसेच बोलायचे ठरवते किंवा ‘जाते’कडे वळते, तेव्हा मात्र ती काहीतरी घडवत असते, आणि ते बाईपण आहे की गाव, हे नुसत्या क्रियापदावरून सांगता येत नाही.

हीच या तिसऱ्या भूमिकेची कमकुवत बाजू. बोलणारा कोणता लिंगभाव ‘साकारतो’ हे ठरवणार कोण? इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९९७ मध्ये आग्रह धरला की संभाषणातल्या माणसांनीच लिंगभावाला महत्त्व दिल्याचे त्यांच्या बोलण्यात दिसत नसेल, तर विश्लेषकाने तो बाहेरून आणू नये. कॅमेरॉन यांची फीत या कसोटीला उतरते, कारण तिथे विषयच पुरुषपणाचा होता. बँकेची गोष्ट किंवा भाजीचा प्रश्न उतरेलच असे नाही. पण कसोटी फार काटेकोर केली, तर जे इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा उच्चारही होत नाही, तेच निसटते.

दुसरा धोका ‘साकारणे’ या कल्पनेतच आहे. वाटेल ते सोंग घ्यावे, असा तिचा अर्थ लावला जातो. बटलर यांचा भर मात्र उलट बाजूला होता: हे करणे कडक नियमांच्या चौकटीत आणि पुनःपुन्हा होते. कीरा हॉल यांनी १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या फोनवरच्या लैंगिक सेवेत काम करणाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यांतला एक पुरुष होता आणि तो बाई बनून बोलत असे. दुबळी, आर्जवी म्हणून हिणवली गेलेली ‘बायकी’ भाषा ही मंडळी जाणीवपूर्वक वापरत आणि तिच्यावर कमावत. हे स्वातंत्र्य खरे आहे, पण तीच भाषा खपते याचे कारण गिऱ्हाइकाची मागणी हे आहे, आणि ती मागणी बोलणाऱ्याच्या हातात नसते.

म्हणून मोजणी पुरती टाकून देता येत नाही. कँडेस वेस्ट यांनीच १९८४ मध्ये डॉक्टर आणि रुग्ण यांच्या २१ भेटी तपासल्या. डॉक्टर पुरुष असताना सुमारे दोन तृतीयांश आडकाठ्या डॉक्टरच्या होत्या. डॉक्टर बाई असताना प्रमाण उलटे झाले, बहुतेक वेळा रुग्णच तिला अडवत होते. पदाने मिळालेला अधिकार इथे लिंगभावाने कापला, हे एका भेटीचे कितीही बारकाईने विश्लेषण केले तरी दिसले नसते. मात्र बाई डॉक्टरांच्या भेटी २१ पैकी अवघ्या ४ होत्या आणि त्यांतल्या रुग्णांच्या आडकाठ्या ‘बंद केलं ना?’ जातीच्या किती व ‘भाजी आणलीस का?’ जातीच्या किती, हे आकड्यांच्या तक्त्यातून कळत नाही. त्यासाठी पुन्हा फितीकडेच जावे लागते.