बहिणीचे बारा गुंठे

या आठवड्यात गटवारी, म्हणजे एकत्रीकरण योजनेबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण मधल्या काळात जत तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. वडील गेले, सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ आणि दोन बहिणी अशी पाचही नावं लागली. वाटणीचा विषय काढला तेव्हा थोरले बंधू म्हणाले, "तुकडेबंदी आहे, तुझ्या वाट्याला येणारं क्षेत्र तुकड्यात जातं, म्हणून तुला कायद्यानं काही मिळत नाही." हे खरं आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

बंधूंचं पहिलं वाक्य खरं आहे, शेवटचं साफ चुकीचं. हा गैरसमज गावोगाव इतका रुजलाय की त्यासाठी अख्खा लेख खर्ची घालायला मला काहीच वाटत नाही.

१९४७ चा तुकडेबंदीचा कायदा वारसाहक्काला हात लावत नाही. माणूस गेला की वारसांचा हिस्सा त्याच क्षणी ठरतो, मग जमीन पाच एकर असो वा पाच गुंठे. वारस नोंदीचा फेरफार 'क्षेत्र कमी आहे' म्हणून अडवता येत नाही. कायदा अडवतो ते पुढचं पाऊल: जमिनीवर बांध घालून प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान पट्टे वेगळे करणं. २०२३ च्या अधिसूचनेनं राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांतल्या ग्रामीण भागात हे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं आहे.

पत्रातली जमीन वडिलांनी स्वतः विकत घेतलेली, जिरायत, दीड एकर. म्हणजे ६० गुंठे. वडिलोपार्जित असती तर हिस्स्यांचं गणित वेगळं झालं असतं. इथे मृत्युपत्र नाही, त्यामुळे पाच वारसांना सारखा हिस्सा, प्रत्येकी १२ गुंठे. बारा हे विसापेक्षा कमी, म्हणून पाच पट्टे पाडता येत नाहीत. फार तर तीन पडतील. मग उरलेल्या दोघांचं काय?

याचं उत्तर कलम ८-अअ मध्ये आहे. वकील मंडळी त्याला 'आठ डबल ए' म्हणतात. या कायद्यातलं माझ्या सर्वांत आवडीचं कलम हेच, आणि सर्वांत कमी वाचलं जाणारंही हेच. न्यायालय किंवा जिल्हाधिकारी वाटप करत असतील आणि एखाद्या सहहिस्सेदाराला तुकडा पाडल्याशिवाय जमीन देता येत नसेल, तर त्याला त्या हिस्स्याचे पैसे द्यायचे, असं ते सांगतं. जमीन कोणी घ्यायची आणि पैसे कोणी, हे हिस्सेदारांनी आपसांत ठरवावं. नाही जमलं तर चिठ्ठ्या टाकायच्या. होय, कायद्यातच चिठ्ठ्या आहेत.

आता आकडे घालून पाहू. समजा तिथला बाजारभाव गुंठ्याला ५० हजार रुपये आहे. तिघांना प्रत्येकी २० गुंठे मिळाले, म्हणजे हक्कापेक्षा आठ गुंठे जास्त. त्या आठ गुंठ्यांचे चार लाख प्रत्येकानं भरायचे. तिघांचे मिळून बारा लाख झाले. जमीन न मिळालेल्या दोघांना त्यातून सहा-सहा लाख मिळतात, म्हणजे बरोब्बर त्यांच्या बारा-बारा गुंठ्यांची किंमत. हे पैसे ताबा घेण्याआधी जमा करावे लागतात. ज्याला ते जमत नाहीत त्याचा पट्टा जमीन न मिळालेल्यांपैकी दुसऱ्याकडे जातो, तोही चिठ्ठीनं आणि त्याच अटीवर. कोणीच पैसे भरले नाहीत तर त्या पट्ट्याचा लिलाव होतो आणि रक्कम वंचित हिस्सेदारांत वाटली जाते.

म्हणजे भगिनींचं उत्तर स्वच्छ आहे. तुमच्या वाट्याला कदाचित जमीन येणार नाही, पण बारा गुंठ्यांची किंमत येईल. आणि ती बाजारभावानं. बंधूंनी रेडीरेकनरचा आकडा पुढे केला, तर शेजारच्या गटांची अलीकडची खरेदीखतं काढून दाखवा.

पण हे कलम बंधूंनी अधिक काळजीनं वाचायला हवं. चिठ्ठी नांगर कोण धरतो हे पाहत नाही. वीस वर्षं ती जमीन कसणारा भाऊ पैशाच्या बाजूला जाऊ शकतो आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या बहिणीला पट्टा लागू शकतो. कसणाऱ्याला अग्रक्रम मिळायला हवा होता असं माझं ठाम मत आहे, पण कायद्यात तो नाही. माणदेशात एका घरच्या वाटणीला मी बसलो होतो. तिथे जुना रिवाज पाळला गेला: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. थोरल्यानं ओढ्याकडची काळी आणि माथ्यावरची मुरमाड इतकी नेमकी तोलून सरस-निरस केली, की धाकटा बराच वेळ दोन्हींकडे नुसता पाहत राहिला. असा समंजसपणा जिथे शिल्लक आहे तिथे कोर्टाची चिठ्ठी कशाला हवी? त्याच कलमात सोय आहे: तुकडा न पडणारी दुसरी कुठलीही पद्धत सर्वांना मान्य असेल, तर तीच वापरायची.

मग घरं प्रत्यक्षात काय करतात? सर्वांत जास्त चालतं ते हक्कसोडपत्र. बहिणी आणि आई एका भावाच्या नावे हिस्सा सोडतात, शेत एकसंध राहतं. गोम अशी, की दस्तात 'विना मोबदला' लिहितात आणि पैसे द्यायचं तोंडी ठरतं. दस्त नोंदला की हिस्सा गेला, आणि तोंडी ठरलेल्या पैशांची वसुली करायला हातात कागद नाही. मोबदला ठरला असेल तर तो दस्तातच लिहा. मुद्रांक शुल्क त्यामुळे वेगळं पडेल, ते पडू द्या.

दुसरा मार्ग म्हणजे जमीन सामाईकच ठेवायची, कसायची एकानं आणि बाकीच्यांना दरवर्षी ठरलेला खंड किंवा पिकाचा वाटा द्यायचा. माझ्या पाहण्यात हा चांगला चालतो, पण एक पिढीच. चुलतभावंडं आली की नावं वीसवर जातात आणि कुठल्याही व्यवहाराला वीस सह्या लागतात. यात एखाद्यानं आपला हिस्सा बाहेरच्याला विकायचं काढलं, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नं सहवारसांना आधी घेण्याचा हक्क आहे. तो शेतजमिनीलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

तिसरा मार्ग फसवा आहे, आणि तोच सर्रास दिसतो. साध्या कागदावर वाटणी लिहायची, पाच बांध घालायचे, पाच जणांनी पाच पट्ट्या पेरायच्या. सातबारा मात्र एकच, त्यावर पाच नावं, पुढे क्षेत्र सामाईक. खातेफोडीचा अर्ज केला की तो तुकड्यापाशी अडतो, कारण तुकडा पाडणारी वाटणी कायद्यानं निरर्थक आहे. तुमच्या बांधावर तुमचं नाव सांगणारा कागद आहे का, हे पाहायचं तर सातबारा काढा: स्वतंत्र पोटहिस्सा दिसला नाही, तर तो बांध फक्त भावकीच्या शब्दावर उभा आहे.

जाता जाता एक विलक्षण गोष्ट. याच दीड एकरात उद्या विहिरीला पाणी लागलं आणि महसुली दप्तरात जमीन बागायत झाली, तर मर्यादा दहा गुंठ्यांवर येते. मग बारा-बारा गुंठ्यांचे पाच पट्टे कायद्यानं चालतात. विहीर मात्र एकाच्याच पट्ट्यात येणार. बाकी चौघांची पाण्याची पाळी, पाइप नेण्याचा आणि मोटारीपर्यंत जाण्याचा हक्क वाटपपत्रात लिहिला नाही, तर चार पट्टे कागदावर बागायत आणि उन्हाळ्यात कोरडे.

भगिनींनी आधी बाजारभावाचे कागद जमवावेत, मग बंधूंना हे कलम वाचायला द्यावं आणि पैसे हप्त्यानं घ्यायची तयारी असेल तर तसं सांगावं. कोर्टात रक्कम ताब्याआधी भरावी लागते, घरच्या समझोत्यात हप्ते लिहून घेता येतात. बंधूंना सगळी रक्कम एकदम उभी करायची नसेल, तर त्यांनाही तेच सोयीचं.

गटवारी पुढच्या आठवड्यात.