व्याख्यान साडेचारला, पण संपणार किती वाजता?

ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर आरोग्य व्याख्यानाचे निमंत्रण लागते, तेव्हा त्यातली अर्धी जागा अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि ‘बहुसंख्येने उपस्थित राहावे’ यांनीच व्यापलेली असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सभासदाला मात्र वेगळेच काही हवे असते. जिना चढावा लागेल का, पाठीला टेकू मिळेल का, स्वच्छतागृह किती लांब आहे आणि अंधार पडायच्या आत घरी पोचता येईल का? हे कळले नाही की ‘बघू, जमलं तर’ म्हणून माणूस घरीच राहतो.

चिटणिसाने म्हणूनच कागद हाती घेण्याआधी टेप घेऊन सभागृहात जावे. समजा, सभागृह तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद आहे. पुढे वक्त्यासाठी सहा फूट आणि मागे दाराशी तीन फूट सोडले की एकवीस फूट लांबी उरते. तरुणांच्या सभेत दोन रांगांमध्ये तीन फूट चालतात, पण काठी घेऊन सरकायचे तर साडेतीन हवेत. म्हणजे सहा रांगा. मधोमध चार फुटांची वाट ठेवली, तर दोन्ही बाजूंना आठ-आठ फूट राहतात आणि हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची जवळजवळ दोन फूट घेते. एका रांगेत आठ, एकूण अठ्ठेचाळीस. चाकाच्या खुर्चीवरच्या एका सभासदासाठी पुढच्या दोन काढल्या की उरतात 46. हाच आकडा निमंत्रणात जातो.

खुर्चीला हात हवेतच. गुडघे दुखणारा माणूस हातांवर भार देऊन उठतो. आधार नसेल तर पुढच्याची खुर्ची ओढतो आणि तिथेच तोल जातो. (सतरंजी भजनाला ठीक, आणि आता तिथेही फारशी नाही.) पहिली रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवायची पद्धत मला पटत नाही. वयामुळे ऐकू कमी येते तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ यांसारखे वर्ण पुसट होतात, त्यामुळे आवाज येतो पण शब्द लागत नाही. वक्त्याचे ओठ दिसले तर तो लागतो. पुढची रांग अशा सभासदांची, आणि पंख्याच्या घरघरीपासून जरा दूर.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा दिनक्रम बघावा. दुपारची झोप आणि चहा झाला की साडेचार बरे. जानेवारीच्या शेवटी पुण्यात सव्वासहानंतर सूर्य मावळतो आणि मोतीबिंदू असलेल्यांना समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फार त्रास देतात. त्यामुळे व्याख्यान पावणेसहाला संपलेच पाहिजे आणि ते कागदावर लिहिलेही पाहिजे. सगळे मिळून निमंत्रण असे होईल :

‘सप्रेम नमस्कार. शनिवार, 24 जानेवारी 2026 रोजी दुपारी 4.30 ते 5.45 या वेळेत आपल्या संघात “घरात पडू नये म्हणून” या विषयावर अस्थिरोगतज्ज्ञांचे व्याख्यान आहे. शेवटची वीस मिनिटे प्रश्नांसाठी आहेत. स्थळ : संघाचे सभागृह, तळमजला. दारातल्या एका पायरीवर उतरती फळी टाकली आहे. स्वच्छतागृह सभागृहालगत आहे. बसायला हात असलेल्या 46 खुर्च्या आहेत. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी पहिली रांग आणि काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांसाठी मधल्या वाटेलगतच्या खुर्च्या राखीव आहेत. चाकाच्या एका खुर्चीसाठी पुढे जागा आहे. आपले आणि सोबत कोणी येणार असल्यास त्यांचेही नाव गुरुवार, 22 जानेवारीपर्यंत कार्यालयात नोंदवावे. चालू गोळ्यांची यादी व वाचायचा चष्मा आणावा. आपला, चिटणीस.’

गोळ्यांची यादी कशाला, असे कोणी विचारेलच. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते आणि रात्री बाथरूमला जाताना माणूस पडतो. यादी हातात असली की ‘ती पांढरी, छोटी गोळी’ अशा वर्णनात प्रश्नोत्तरांची वेळ जात नाही. मात्र त्या यादीवरून सभागृहात गोळी बंद करायची नसते. आपल्या डॉक्टरांना काय विचारायचे, तेवढे तिथे समजते.

वार आणि तारीख कॅलेंडरवर जुळवून बघावी. ‘24 जानेवारी, रविवार’ असे छापले की निम्मे शनिवारी येतात, निम्मे रविवारी बंद दारापाशी उभे राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘येत्या शनिवारी’ लिहिणे त्याहून वाईट, कारण तो निरोप पुढच्या सोमवारीही कोणीतरी पाठवतो आणि तेव्हा येता शनिवार 31 तारखेचा असतो. वक्ते आले नाहीत, वेळ बदलली, तर जुन्या कागदावर खाडाखोड करू नये. नवा कागद लावावा, वर ठळक ‘बदल’ लिहावे, जुना काढून टाकावा आणि ज्यांनी नावे नोंदवली त्यांना फोन करावा. नोंदणीच्या वहीत नावापुढे फोन नंबरचा रकाना आखायचा तो यासाठीच.