अवतरणचिन्हांतले शून्य

अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांचे दूरध्वनी संकेतांक, म्हणजे सर्वसामान्य भाषेत एसटीडी कोड, एका तक्त्यात मांडले तर एक स्तंभ गावांचा होतो आणि दुसरा संकेतांकांचा. असा तक्ता साध्या मजकुराच्या रूपात, प्रत्येक ओळीतील मूल्यांमध्ये स्वल्पविराम घालून साठवला की त्याला सीएसव्ही फाइल म्हणतात.

```
gaav,std
नगर,0241
संगमनेर,02425
पाथर्डी,02428
```

दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला यातील केवळ संकेतांक हवे असतील, तर ते बहुधा जेसन या मांडणीतील ॲरेच्या रूपाने, म्हणजे चौकटी कंसात क्रमाने ठेवलेल्या मूल्यांच्या यादीच्या रूपाने द्यावे लागतात. पायथन भाषेत हे काम तीन-चार ओळींत होते.

```python
import csv, json
with open("std.csv", encoding="utf-8-sig", newline="") as f:
    codes = [r["std"] for r in csv.DictReader(f)]
print(json.dumps(codes))
```

यातून `["0241", "02425", "02428"]` अशी यादी मिळते. रूपांतर एवढेच असले, तरी त्यातील अवतरणचिन्हे शोभेची नाहीत, आणि ती अनावश्यक समजून काढून टाकणाऱ्याची फसगत येथूनच सुरू होते.

सीएसव्हीमध्ये प्रत्येक मूल्य हे केवळ अक्षरांची ओळ असते. ते संख्या आहे की मजकूर, हे त्या फाइलमध्ये कोठेही नोंदवलेले नसते. तेथेही अवतरणचिन्हे आढळतात, पण त्यांचे काम कुंपणाचे असते. २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्याची लोकसंख्या `45,43,159` अशी लिहिली, तर तिच्यातील स्वल्पविरामांमुळे एका मूल्याचे तीन तुकडे पडतात, म्हणून ती अवतरणचिन्हांत ठेवावी लागते. जेसनमध्ये मात्र तेच चिन्ह मूल्याचा प्रकार सांगते: चिन्हांत असेल तो मजकूर, आणि उघडे अंक असतील ती संख्या. एकच खूण दोन मांडण्यांत दोन निरनिराळी कामे करते, हे या रूपांतरातील गोंधळाचे मूळ आहे.

संकेतांक उघडे ठेवून `[02425]` असे लिहिले, तर जेसनच्या नियमानुसार संख्येच्या आरंभी अनावश्यक शून्य चालत नसल्याने वाचणारा प्रोग्राम थांबतो. पायथनचा वाचक अशा वेळी `Expecting ',' delimiter` अशी तक्रार करतो, कारण सुरुवातीचे `0` ही त्याच्या लेखी पूर्ण झालेली संख्या असते आणि तिच्यानंतर त्याला स्वल्पविराम हवा असतो. चूक शून्याची असताना संदेश स्वल्पविरामाविषयी येतो, ही त्यातली गंमत. तरीही थांबणारा प्रोग्राम बरा, कारण रूपांतर करताना `int()` वापरून `2425` अशी निर्दोष दिसणारी संख्या पाठवली, तर कोठेही तक्रार न होता शून्य नाहीसे होते. परदेशातून `+91` नंतर फोन लावताना हे शून्य गाळायचेच असते, परंतु ते कधी गाळायचे हे प्राप्तकर्त्या प्रोग्रामला ठरवता यावे, यासाठी ते मुळात त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

लोकसंख्येच्या स्तंभाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. नाशिकची लोकसंख्या 6107187, नगरची 4543159 आणि सिंधुदुर्गाची 849651 ही मूल्ये अवतरणचिन्हांत पाठवून उतरत्या क्रमाने लावली, तर सिंधुदुर्ग नाशिकच्याही वर जाऊन बसतो, कारण मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते आणि आठ हा अंक सहापेक्षा मोठा ठरतो. बेरीज करायला जावे, तर जावास्क्रिप्टमध्ये `+` हे चिन्ह असा मजकूर एकापुढे एक चिकटवते आणि वीस अंकांची एक लांबलचक माळ तयार होते. म्हणून `lok` नावाच्या अशा स्तंभासाठी आधी स्वल्पविराम काढून मग संख्या करावी लागते:

```python
n = int(r["lok"].replace(",", ""))
```

एखादी जागा रिकामी असेल, तर `int()` तेथे अडते. अशा वेळी शून्य भरण्यापेक्षा जेसनमधील `null`, म्हणजे मूल्य उपलब्ध नसल्याची खूण, पाठवणे प्रामाणिकपणाचे ठरते.

कोणता स्तंभ उघडा ठेवायचा, हे त्यातील अंकांकडे पाहून कळत नाही. नगर शहराचा पिनकोड `414001` शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे तो संख्या म्हणून पाठवला तरी बिघडल्याचे दिसत नाही. पण दोन पिनकोडांच्या बेरजेला काही अर्थ नसतो, म्हणून तोही मजकूरच.

अनेकदा हानी रूपांतराच्या आधीच झालेली असते. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडली, तरी सहसा संकेतांकांना संख्या समजून त्यांची शून्ये गाळली जातात, आणि फाइल पुन्हा साठवली की ही हानी कायमची होते. फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहिल्यास ते ओळखता येते. मग दुरुस्तीसाठी `zfill(5)` वापरून प्रत्येक संकेतांक पाच अंकी करण्याचा मोह होतो, आणि त्याने संगमनेर व पाथर्डी दुरुस्तही होतात. नगरचा संकेतांक मात्र मुळात चारच अंकी असल्याने त्याचे `00241` होते.