काळ्या वाटाण्याचे सांबार गोठवून ठेवताना



मालवण तालुक्यात तारकर्ली, देवबाग, वायरी या भागात शेती-बागायतीबरोबर घरी पाहुणे ठेवण्याचा जोडधंदा आता चांगलाच रुजला आहे. ऑक्टोबर ते मे या हंगामात पाहुणे कधी सांगून येतात, कधी न सांगता येतात. मासळी ताजी मिळते, परंतु शाकाहारी पाहुण्यांसाठी काळ्या वाटाण्याचे सांबार आयत्या वेळी होत नाही. वाटाणा रात्रभर भिजवावा लागतो, कुकरमध्ये बराच वेळ शिजवावा लागतो. म्हणून बऱ्याच घरांतून एकदाच मोठे टोप शिजवून उरलेले सांबार डीप फ्रीजरमध्ये ठेवण्याची पद्धत पडली आहे. पद्धत सोयीची आहे. मात्र ती चुकली तर पाहुण्यांच्या पोटाला त्रास होतो. सांबार किती दिवस ठेवले यापेक्षा ते कसे थंड केले आणि कसे वितळवले यात ही चूक अधिक वेळा होते. या लेखात त्याच दोन टप्प्यांचा विचार प्रामुख्याने केला आहे.

गोठवल्याने काय होते व काय होत नाही

गोठवण्याने जीवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. ते फ्रीजरमध्ये जणू झोपी जातात आणि पदार्थ वितळला की पुन्हा कामाला लागतात. शिजवताना बहुतेक जीवाणू मरतात हे खरे, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सिरियस या दोन जीवाणूंचे बीजाणू उकळीतूनही वाचतात. बियाण्याच्या टणक दाण्याप्रमाणे ते योग्य वेळेची वाट पाहतात. टोप उतरवून ओट्यावर ठेवला की आतील सांबार हळूहळू निवते, आणि साधारण 60 अंशांपासून 15 अंश सेल्सिअसपर्यंतचा पट्टा या बीजाणूंना रुजण्यासाठी सोयीचा असतो. परफ्रिंजेन्स तर 43 ते 45 अंशांच्या आसपास फारच वेगाने वाढतो. डाळी-कडधान्याचा दाट रस्सा त्याला मानवतो.

बॅसिलस सिरियसच्या काही वाणांनी एकदा विष तयार केले की ते पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून 'नंतर चांगले उकळू' या भरवशावर टोप रात्रभर बाहेर ठेवू नये. असे सांबार वासाला किंवा चवीला बिघडलेले असेलच असे नाही.

मोठा टोप लवकर का निवत नाही

चार लिटर सांबाराचा खोल टोप झाकण ठेवून ओट्यावर राहिला तर मालवणच्या 28-30 अंशांच्या हवेत त्याचा मध्य कोमट होण्यास कित्येक तास लागतात. टोप तसाच फ्रीजमध्ये ठेवल्यानेही भागत नाही. मध्यभागाची उष्णता बाहेर पडण्यास वेळ लागतोच, शिवाय फ्रीजमधील इतर पदार्थही कोमट होतात. साधारण नियम असा ठेवावा : सांबार 60 अंशांवरून 2 तासांत 21 अंशांपर्यंत, आणि त्यापुढील 4 तासांत 5 अंशांपर्यंत उतरले पाहिजे.

यासाठी सांबार उथळ परातींत 3 ते 4 सेंटिमीटर जाडीने ओतावे. परात पाण्याच्या घमेल्यात ठेवून सांबार मधूनमधून स्वच्छ पळीने ढवळावे. आपल्याकडील विहिरीचे पाणी 27 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे नुसत्या पाण्याने सांबार त्याखाली उतरणार नाही. घमेल्यात बर्फ टाकावाच लागतो. बर्फ कारखान्यातून मासळीसाठी आणलेला बर्फ या कामाला चालतो, परंतु तो फक्त परातीच्या बाहेर वापरावा. सांबारात टाकू नये, शिंतोडेही उडू देऊ नयेत. सांबार थंड लागू लागले की परात झाकून तास-दोन तास फ्रीजमध्ये ठेवावी व मग पुड्या भराव्यात.

एक किलो वाटाण्याचे उदाहरण

एक किलो काळा वाटाणा रात्रभर भिजवून शिजवला की साधारण 2 ते सव्वादोन किलो होतो. दाणा शिजलेला पण अखंड राहील इतकाच शिजवावा, कारण पुन्हा उकळताना तो आणखी मऊ होणार असतो. मसाला व शिजवणीचे पाणी मिळून सांबार साडेतीन किलोच्या आसपास, नेहमीपेक्षा दाट ठेवावे. पाणी नंतर घालता येते, फ्रीजरमधील जागा मात्र वाढवता येत नाही.

ओल्या खोबऱ्याचे वाटप या सांबारात आताच घालू नये. गोठताना पाण्याचे बारीक खडे होतात आणि खोबऱ्याचा स्निग्धांश रश्शापासून सुटतो. वितळल्यावर वर तेलकट थर व खाली रवाळ चोथा दिसतो. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटप यापेक्षा बरे टिकते. ते वेगळ्या लहान पुडीत गोठवावे आणि महिन्याभरात संपवावे, कारण खोबऱ्याच्या तेलाला पुढे खवट वास येऊ लागतो. बटाटा घालण्याची पद्धत असल्यास तोही नंतरच घालावा, गोठलेला बटाटा स्पंजासारखा होतो. कोकम व वरची फोडणी आयत्या वेळी द्यावी.

साडेतीन किलोच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या 7 पुड्या होतात. वाटप व गरम पाणी घातल्यावर एक पुडी चार माणसांना पुरते. खाद्यपदार्थांसाठीची जाड पिशवी घ्यावी, हवा काढून तोंड बंद करावे आणि पिशवी ताटात आडवी पसरून अडीच सेंटिमीटर जाडीची सपाट वडी करावी. अशी वडी फ्रीजरमध्ये एका रात्रीत टणक होते. दहा सेंटिमीटर उंचीच्या डब्यात तेच सांबार गोठायला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. डबाच वापरायचा असेल तर वर बोटभर जागा सोडावी, कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. काचेची बरणी याच कारणाने फुटते.

सगळ्या पुड्या एकदम फ्रीजरमध्ये कोंबू नयेत. शंभर लिटर क्षमतेमागे दिवसाला 3 ते 4 किलोच नवा माल ठेवावा. पुड्यांमध्ये हवा खेळू द्यावी, त्या टणक झाल्यावर पुस्तकांसारख्या उभ्या रचाव्यात. प्रत्येक पुडीवर पदार्थाचे नाव व तारीख लिहिण्यास विसरू नये.

किती दिवस ठेवावे

हे फ्रीजर किती थंड आहे यावर अवलंबून आहे. उणे 18 अंशांचा डीप फ्रीजर असेल तर खोबरे न घातलेले सांबार किंवा साधे वरण 3 महिने चांगले राहते. उणे 12 अंशांच्या कप्प्यात 1 महिना, आणि उणे 6 अंशांच्या कप्प्यात आठवडाभरच ठेवावे. एका दाराच्या फ्रीजमधील वरचा लहान बर्फाचा कप्पा अनेकदा उणे 18 पर्यंत जात नाही. दारावरील वीजबचतीचे तारे पाहून थंडीचा अंदाज बांधू नये, ते तारे विजेच्या वापराचे असतात. फ्रीजरमध्ये ठेवायचा साधा तापमापक घ्यावा, तो स्वस्त मिळतो.

उणे 18 अंशांवर अखंड गोठलेले सांबार तीन महिन्यांनंतर विषारी होत नाही, त्याची चव व वास मात्र उतरतो. पुडीच्या कडेला पांढरट कोरडे डाग दिसले तर तेथील पाणी उडून गेले आहे असे समजावे. ते खाण्यास अपायकारक नाही, पण पुडीत हवा राहिल्याची ती खूण आहे.

वितळवण्याची रीत

पुडी सकाळी ओट्यावर काढून ठेवणे व दुपारी उकळणे ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे, आणि तीच टाळावी. वडीचा मध्य गोठलेला असतानाच तिच्या कडा 28-30 अंशांवर पोहोचतात आणि कित्येक तास तशाच राहतात.

उद्याच्या जेवणाची कल्पना असेल तर आदल्या रात्री पुडी ताटात ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. सकाळपर्यंत ती वितळते व एक दिवसात वापरावी. पाहुणे अचानक आले तर वितळवण्याच्या भानगडीत न पडता वडी थेट विस्तवावर न्यावी. पातेल्यात अर्धा पेला पाणी उकळावे, वडीचे तुकडे करून त्यात टाकावेत, झाकण ठेवून मंद आच द्यावी व मधूनमधून खालून ढवळावे. वडी पातळ असल्याने दहा-पंधरा मिनिटांत मोकळी होते. नंतर वाटप घालून मध्यापर्यंत खदखदा उकळी आणावी व दोन-तीन मिनिटे ती टिकवावी. कडेला बुडबुडे आले म्हणजे मध्य उकळला असे नव्हे.

थंड पाण्यात पुडी बुडवून वितळवण्याची रीत थंड प्रदेशातील पुस्तकांत असते. आपले नळाचे पाणी तितके थंड नसते. ही रीत वापरल्यास पुडी अर्ध्या तासाहून अधिक पाण्यात ठेवू नये व लगेच उकळावी. एकदा गरम केलेले सांबार पुन्हा गोठवू नये. लहान पुड्या करण्याचे हेही एक कारण आहे.

वीज गेल्यास

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पावसाळ्यात थोड्या वेळाचे खोळंबे तर नेहमीचे आहेत. दार न उघडल्यास भरलेला डीप फ्रीजर साधारण 48 तास व अर्धा भरलेला 24 तास थंडी धरून ठेवतो. फ्रीजमधील लहान कप्पा इतका वेळ तग धरत नाही.

आपण घरी नसताना वीज किती वेळ गेली हे कळण्यासाठी एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे व वाटी फ्रीजरमध्येच राहू द्यावी. परतल्यावर नाणे वरच असेल तर माल गोठलेला राहिला. नाणे तळाशी गेले असेल तर सगळे वितळून पुन्हा गोठले आहे. सपाट गोठवलेल्या पुडीत सांबार एका कोपऱ्याला जमून गोठलेले दिसणे, हीदेखील तीच खूण होय. असा माल टाकून द्यावा. वीज आल्यावर पुडीत बर्फाचे खडे शिल्लक असतील तर ती लगेच उकळून त्याच दिवशी संपवावी. पूर्ण वितळून कोमट झालेली, फुगलेली, फेस आलेली किंवा तार सुटणारी पुडी चाखूनही पाहू नये.

अर्धा किलो सांबार टाकताना जिवावर येते, हे खरे. परंतु एका पुडीत फार तर दीडशे ग्रॅम वाटाणा असतो. आजारी पडलेल्या चार पाहुण्यांच्या मानाने हे नुकसान फारच थोडे आहे.