कागदाची करामत, मिनिटभरात : चीर कुठल्या कडेने?

गेल्या आठवड्यात व्हिडिओ चित्रित करण्यासाठी मोबाइल टेबलाच्या वर आडवा कसा बांधायचा ते पाहिलं. आज प्रत्यक्ष कृतीकडे वळू. त्यासाठी कागदाचा उडता मासा घेतला आहे. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती केल्या. हा मासाही त्याच घराण्यातला.

दोन सेंटिमीटर रुंद, बारा-तेरा सेंटिमीटर लांब पट्टी घ्यायची. दोन्ही टोकांजवळ अर्ध्या रुंदीपर्यंत एकेक चीर द्यायची, चिरा एकमेकींत अडकवायच्या आणि उंचावरून सोडायचं. मासा गरगरत खाली येतो.

वाघोलीत आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी मुलांसाठी याचा व्हिडिओ केला. बऱ्याच मुलांचा मासा जुळेचना. त्यांचं वाक्य होतं, ‘आता दोन्ही टोकांना चीर द्या.’ एका वाक्यात दोन कृती आल्या आणि मुलांनी दोन्ही चिरा एकाच कडेने दिल्या. तशा चिरा एकमेकींत बसत नाहीत. एक वरच्या कडेने आणि दुसरी खालच्या कडेनेच हवी.

ताईंचा स्वतःचा मासा मात्र नीट जमला होता. मूळ चित्रण पाहिल्यावर कारण सापडलं. उजव्या टोकाला आपल्या बाजूच्या कडेने चीर देऊन त्यांनी पट्टी टेबलावर अर्धी गोल फिरवली होती आणि पुन्हा आपल्याच बाजूने कापलं होतं. फिरवल्यामुळे दुसरी चीर आपोआप विरुद्ध कडेला गेली. नेमका तो फिरवण्याचा क्षण, त्यात बोलणं नाही म्हणून, संकलनात उडवला गेला होता!

म्हणून प्रत्येक दिसणाऱ्या हालचालीला तिचं वाक्य द्यायचं, आणि एका वाक्यात कृती एकच ठेवायची. ताईंची नवी वाक्यं अशी:

‘या कडेला लाल रेघ मारा.’
‘उजव्या टोकाजवळ लाल कडेने अर्ध्यापर्यंत कापा.’
‘पट्टी टेबलावरच अर्धी फिरवा.’
‘आता उजवीकडच्या टोकाजवळ कोऱ्या कडेने अर्ध्यापर्यंत कापा.’
‘चिरा एकमेकींत अडकवा.’
‘उंचावरून सोडा.’

लाल रेघेमुळे चूक पडद्यावर लगेच दिसते. दोन्ही चिरा लाल कडेला दिसल्या, तर पट्टी फिरवण्याऐवजी पान उलटावं तशी उलटली गेली आहे. ‘टेबलावरच’ हा शब्द त्याचसाठी, तो गाळू नये.

वाक्य कृतीबरोबर सुरू व्हावं, आधी नाही. चीर द्यायला दोनेक सेकंद लागतात, तेवढ्यात वाक्य संपतं. अडकवायला मात्र बोटांना जास्त वेळ लागतो. तिथे वाक्य संपल्यावर गप्प राहायचं आणि चिरा पूर्ण आत सरकेपर्यंत चित्र कापायचं नाही. आवाज मागाहून, खिडक्या लावून भरलेला बरा. नगर रस्त्यावरचे हॉर्न चित्रणाच्या वेळी टळत नाहीत.